स्टेनलेस पत्र्याची टाकी दर उन्हाळ्यात त्याच कोपऱ्यात गळते: रॉड, सीओटू की आर्गन?

नागपुरात मार्च लागला की आमच्या शेडमध्ये एकच काम वाढतं, कूलरच्या टाक्या. नव्या टाक्या कमी येतात, मागच्या वर्षीच्या गळक्याच जास्त. लोखंडी पत्र्याची टाकी गंजली म्हणून माणूस जास्त पैसे मोजून स्टेनलेसची करून घेतो. दुसऱ्या उन्हाळ्यात तीही कोपऱ्यातून झिरपायला लागली की तो आम्हालाच विचारतो, "मग फरक काय पडला?" त्याचं विचारणं बरोबर आहे. पत्रा चांगला असूनही टाकी गळत असेल तर दोष जोडात असतो, आणि जोड आम्ही केलेला असतो.

पातळ स्टेनलेस पत्र्याला कोणतं वेल्डिंग वापरायचं, यावर वर्कशॉपमध्ये वाद होतात. पण ते बहुतेक वेगावर आणि खर्चावर होतात. मी इथे एकच काम घेऊन सांगतो, म्हणजे रॉड, मिग आणि टिग यांतला खरा फरक कुठे पडतो ते दिसेल. रॉडमध्ये आवरण असलेली सळई जळत जाते, मिगमध्ये मशीन वायर आपोआप पुढे ढकलतं, आणि टिगमध्ये टंगस्टनच्या टोकाने पत्रा वितळवून सळई हाताने लावतात. आपल्याकडे टिगला सगळे आर्गन म्हणतात आणि मिगला सीओटू. मीही तसंच म्हणणार आहे, कारण गोंधळाची सुरुवात त्या नावांतूनच होते.

तक्रार काय होती

हिंगणा रोडकडच्या एका वसतिगृहाच्या चौदा टाक्या होत्या. प्रत्येक टाकी साडेसातशे मिलिमीटर लांब, तेवढीच रुंद आणि दोनशे मिलिमीटर उंच, पत्रा १ मिलिमीटरचा. आधीच्या कारागिराने पाच तुकडे जोडून त्या केल्या होत्या, एक तळ आणि चार बाजू. बाजूचा पत्रा तळावर पंधरा मिलिमीटर चढवून बाहेरून रॉडने वेल्ड मारलं होतं. पहिला उन्हाळा निभला. दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये पाच टाक्या गळायला लागल्या. त्यांनी त्याच जागी पुन्हा रॉड मारून घेतला. पंधरा दिवसांनी तिथला वॉर्डन म्हणाला, "भाऊ, पुन्हा तिथंच गळून राह्यलं नं."

मी जाऊन पाहिलं तर अगदी तिथंच गळत नव्हतं. दुरुस्तीच्या ठिगळापासून सुमारे एक सेंटिमीटर सरकून गळत होतं, आणि पाचही टाक्यांत तसंच. ही खूण नीट लक्षात ठेवा. गळती ठिगळाच्या मधोमध असेल तर वेल्डरचा हात चुकला आहे, भोक राहिलं आहे किंवा रॉडच्या आवरणाचा मळ, म्हणजे स्लॅग, अडकला आहे. गळती दरवेळी ठिगळाच्या कडेला सरकत असेल तर प्रत्येक दुरुस्ती शेजारचा पत्रा बिघडवते आहे. अशा वेळी वेल्डर बदलून उपयोग होत नाही, पद्धत बदलावी लागते.

गळती नेमकी कुठून आहे हे पाणी भरून कळत नाही. पाणी जोडाच्या पोकळीतून फिरून भलतीकडेच बाहेर येतं. त्यासाठी जुनी युक्ती चांगली आहे. टाकी पूर्ण कोरडी करा. बाहेरच्या बाजूने जोडावर खडूची पूड पाण्यात कालवून पातळ लेप द्या आणि तो वाळू द्या. मग आतून जोडावर ब्रशने रॉकेल फिरवा. रॉकेल पाण्यापेक्षा कितीतरी बारीक फटीत शिरतं. अर्ध्या तासात पांढऱ्या लेपावर ओला, करडा ठिपका उमटतो. एका टाकीवर मला असे अकरा ठिपके दिसले. ग्राहकाला दिसत होती ती गळती फक्त दोन जागी होती, बाकी नऊ ठिकाणं पुढच्या महिन्यात गळणार होती.

कोपरा कापल्यावर काय दिसलं

एक टाकी भंगारात जाणारच होती, म्हणून तिचा कोपरा हातभर कापून उघडला. बाहेरून वेल्ड जाडजूड आणि घट्ट दिसत होतं. आतल्या बाजूला, म्हणजे पाणी असतं त्या बाजूला, दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत तपकिरी गाळ घट्ट बसलेला होता. तो खरवडला तर खालचा पत्रा काळा, खरखरीत, जळालेल्या साखरेसारखा दाणेदार निघाला. त्या काळ्या पट्ट्याच्या कडेला सुईच्या टोकाएवढी भोकं होती. पत्रा तिथून पाण्याच्या बाजूने आरपार खाल्ला गेला होता.

याचं कारण असं. स्टेनलेसला गंज लागत नाही तो त्यातल्या क्रोमियममुळे. ३०४ ग्रेडमध्ये ते साधारण १८ टक्के असतं. पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा डोळ्यांना न दिसणारा थर बसतो आणि तोच राखण करतो. पत्रा हवेत तापला की क्रोमियम आणि लोखंड ऑक्सिजनशी भराभर संयोग पावून जाड, रंगीत थर बनवतात. आधी फिकट पिवळा, मग सोनेरी, जांभळा, निळा आणि शेवटी राखाडी-काळा. त्या थराच्या लगेच खाली धातूतलं क्रोमियम कमी झालेलं असतं. दिसायला ते स्टेनलेस असतं, पण राखण करायची ताकद तिथे उरलेली नसते. वेल्ड बाहेरून मारलं तरी १ मिलिमीटरचा पत्रा पाठीमागूनही लाल होतो, आणि पाठीमागे त्याला हवेपासून वाचवणारं काहीच नसतं.

इथे बरेच जण म्हणतात, कार्बनमुळे झालं, ३०४ ऐवजी कमी कार्बनचा ३०४ एल घ्यायला हवा होता. ते कारण खरं आहे, पण जाड मालाला जास्त लागू पडतं. धातू साधारण ४५० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात बराच वेळ राहिला तर क्रोमियम कार्बाइड कणांच्या सीमांवर साचतं आणि आजूबाजूचं क्रोमियम कमी होतं. १ मिलिमीटरचा पत्रा त्या पट्ट्यातून काही सेकंदांत खाली येतो. त्यामुळे पातळ कामात मी आधी रंग बघतो, कार्बन नंतर. फक्त एकाच जागी चार वेळा रॉड मारला असेल तर कार्बनचा मुद्दाही विचारात घ्यावा लागतो.

दुसरं कारण आपल्या पाण्यात आहे. पेंच आणि कन्हानचं नळाचं पाणी असो की बोअरचं, कूलरमध्ये ते उडून जातं आणि क्षार टाकीतच राहतात. या टाकीत दहा सेंटिमीटर पाणी भरलं तर ५६ लिटर होतं. रोज तेवढंच उडालं आणि तेवढंच वरून भरलं, तर दहा दिवसांनी त्यातले क्षार कागदावर अकरापट होतात. सुरुवातीला लिटरमागे १०० मिलिग्रॅम क्लोराइड असेल तर ते हजाराच्या वर जातं. ३०४ साठी वापरला जाणारा ढोबळ मार्गदर्शक आकडा लिटरमागे २०० मिलिग्रॅमचा आहे. प्रत्यक्षात थोडं पाणी सांडतं, थोडं बदललं जातं, त्यामुळे वाढ इतकी होत नाही. पण फटीच्या आत पाणी हलत नाही आणि तिथला क्षार टाकीतल्या क्षारापेक्षाही तीव्र होतो. चढवलेल्या जोडाची फट, आत जळालेला पत्रा आणि खारट पाणी, हे तिन्ही एकाच रेषेवर आले होते.

म्हणून पातळ स्टेनलेसला पद्धत निवडताना मी वेल्डची पुढची बाजू बघत नाही. वेल्ड झाल्यावर पाण्याच्या बाजूला काय शिल्लक राहणार, हे आधी विचारतो. त्या प्रश्नावर तिन्ही पद्धती तपासून पाहू.

रॉड

स्टेनलेसचा ई ३०८ एल-१६ रॉड दोन मिलिमीटर जाडीत मिळतो आणि तो साधारण ३५ ते ५५ अँपिअरवर चालतो. खाली गेलात तर रॉड चिकटतो, वर गेलात तर १ मिलिमीटरच्या पत्र्याला भोक पडतं. मधला पट्टा इतका अरुंद आहे की पत्र्याखाली अर्धा मिलिमीटर फट असली तरी संपला. मग वेल्डर काय करतो? भोक पडू नये म्हणून पत्र्यावर पत्रा चढवतो, कारण तिथे जाडी दुप्पट मिळते. म्हणजे तो चढवलेला जोड, ज्यात पुढे फट राहून पाणी साचलं, तो रॉडमुळेच आला होता. पद्धत निवडली की जोडाचा प्रकार आपोआप ठरतो, हे लक्षात न घेतल्यामुळे नुकसान होतं.

उष्णतेचा हिशेबही बघा. व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले ६०, भागिले मिनिटाला किती मिलिमीटर पुढे सरकलात ते, भागिले १०००. त्याला पद्धतीच्या कार्यक्षमतेने गुणायचं. रॉड आणि मिगला ती ०.८ धरतात, टिगला ०.६. रॉड ४५ अँपिअर, २२ व्होल्ट आणि मिनिटाला २०० मिलिमीटर धरला तर मिलिमीटरमागे सुमारे ०.२४ किलोज्यूल होतात. आर्गन ४० अँपिअर, १० व्होल्ट आणि १५० मिलिमीटरने गेलं तर सुमारे ०.१० किलोज्यूल, म्हणजे निम्म्याहून कमी. स्टेनलेस उष्णता साध्या लोखंडाच्या जवळपास एक तृतीयांशच वाहून नेतं आणि प्रसरण दीडपट पावतं. म्हणून ही जादा उष्णता जोडाजवळच साचते आणि पत्र्याला लाटा येतात.

तरी रॉड टाकून द्यायची गोष्ट नाही. टाकीखालचं तीन मिलिमीटर अँगलचं स्टँड गच्चीवर उघड्या वाऱ्यात जोडायचं असेल तर मी रॉडच घेतो. तिथे आर्गन वाऱ्यावर उडून जातो, रॉडचं आवरण मात्र स्वतःचा वायू आणि स्लॅग बनवून वितळलेला धातू झाकतं. फक्त उघड्या पडलेल्या रॉडला पावसाळ्यात ओल लागते. पाकिटावर दिलेल्या तापमानाला तो सुकवल्याशिवाय वापरू नका, नाहीतर वेल्डमध्ये बारीक छिद्रं येतात.

सीओटू

वसतिगृहाने आम्हाला उरलेल्या टाक्या दिल्या तेव्हा मी स्वतः पहिली चूक केली, ती इथे सांगायलाच हवी. काम लवकर उरकावं म्हणून एका टाकीवर मिग मशीन लावलं. वायर बरोबर घेतली होती, ईआर ३०८ एल एसआय, ०.८ मिलिमीटर. पण मशीनला सिलेंडर जोडला होता तो लोखंडी ग्रिलच्या कामाचाच, शुद्ध कार्बन डायऑक्साइडचा. वेल्ड काळंभोर आलं, आजूबाजूला छर्रे उडाले आणि पंधरा दिवस पाण्यात ठेवलेल्या टाकीवर वेल्डच्या रेषेत तांबूस डाग उमटले.

कार्बन डायऑक्साइड वेल्डिंगच्या कमानीत, म्हणजे आर्कमध्ये, फुटतो. त्यातला ऑक्सिजन क्रोमियम खातो आणि कार्बन वितळलेल्या धातूत शिरतो. कमी कार्बनची एल वायर मुद्दाम विकत घ्यायची आणि गॅसमधून कार्बन परत घालायचा, असा तो प्रकार होतो. आर्गन आणि सीओटूचं ऐंशी-वीसचं मिश्रण लावलं तरी हेच थोड्या कमी प्रमाणात होतं. स्टेनलेसला मिगने जोडायचं असेल तर आर्गनमध्ये सुमारे २ टक्के कार्बन डायऑक्साइड किंवा १ ते २ टक्के ऑक्सिजन असलेलं मिश्रण मागवा. 'सीओटू मशीन' या नावामुळे हे राहून जातं. मशीनला त्या गॅसचं नाव पडलं म्हणून प्रत्येक धातूला तोच गॅस लावायचा नसतो.

बरोबर गॅस लावल्यावर मिग वाईट नाही. ६० अँपिअर, १६ व्होल्ट आणि मिनिटाला ४०० मिलिमीटर गेलात तर वरच्या हिशेबाने ०.१२ किलोज्यूलच्या आसपास पडतात, जवळपास आर्गनएवढेच. मग टाकीला का नको? दोन कारणं आहेत. मिगमध्ये कमान पेटली की त्या क्षणापासून वायर आत यायला लागते, पत्रा तापलेला असो वा नसो. त्यामुळे प्रत्येक सुरुवातीचे पाच-सात मिलिमीटर वर बसलेले असतात, आत मुरलेले नसतात. टाकीचा जोड लहान तुकड्यांत मारावा लागतो, म्हणजे सुरुवाती भरपूर, आणि प्रत्येक सुरुवात हे गळतीचं ठिकाण. दुसरं, मिगच्या वेल्डचा मणका, म्हणजे वर आलेली रेषा, उंच येते. ती घासताना ग्राइंडर शेजारचा १ मिलिमीटरचा पत्राही पातळ करतो.

दीड-दोन मिलिमीटरचे पाय, फ्रेम, हॉटेलच्या काउंटरची आतली आधारपट्टी, जिथे पाणी थांबत नाही आणि मीटरच्या मीटर रेषा मारायची आहे, तिथे मी आजही मिग वापरतो.

आर्गन, आणि तोही अर्धवट केला तर

मग उरलं आर्गन. यात उष्णता आणि भरण दोन वेगळ्या हातांत असतात. आधी पत्रा वितळवायचा, वितळला हे डोळ्यांनी बघायचं आणि हवी असेल तरच सळई लावायची. कडा नीट बसल्या असतील तर सळईशिवायही जोड होतो. पातळ पत्र्याला हाच आधार आहे.

पण नुसतं 'आर्गन मारून घ्या' म्हटल्याने काम होत नाही. दुसरी टाकी आम्ही आर्गनने केली, बाहेरून रेषा इतकी सुरेख आली की ग्राहक फोटो काढून गेला. आतून हात फिरवला तर बोटाला खरखर लागली. टॉर्चमधला आर्गन फक्त पुढची बाजू झाकतो, पाठीमागे तीच जळालेली साखर. बाहेरून देखणी असलेली ती टाकीही दोन उन्हाळ्यांत तिथेच गळली असती.

त्यानंतर काय बदललं ते सांगतो, त्यातला पहिला बदल वेल्डिंगचा नाहीच. टाकी पाच तुकड्यांत करायचं सोडलं. ७५० अधिक दोन्ही बाजूंचे २०० आणि वरच्या काठाला दोन्हीकडे २० मिलिमीटर मोड, म्हणजे ११९० मिलिमीटरचा चौरस. तो चार फुटी पत्र्यात बसतो. चार कोपरे कापून बाजू बेंडिंगवर वर वळवल्या. आधी एका टाकीला ३८०० मिलिमीटर जोड होता, आता कोपऱ्यातले दोनशे-दोनशेचे चार, मिळून ८०० मिलिमीटर. तळाच्या कडेला जोडच उरला नाही, आणि क्षार तर तिथेच सर्वांत जास्त साचतो.

कोपऱ्याच्या दोन कडा टोकाला टोक लावून बसवायच्या. कातरलेल्या कडेचा बर फाइलने काढा, नाहीतर एका जागी कड टेकते आणि पुढे फट पडते. दोनशे मिलिमीटरच्या जोडाला दर २५ मिलिमीटरवर टॅक, म्हणजे पत्रा धरून ठेवणारा वेल्डचा ठिपका, लागतो. आधी मधला, मग दोन टोकं, मग मधल्या जागा. एका टोकाकडून टॅक मारत गेलात तर दुसऱ्या टोकाला कात्रीसारखी फट उघडते. पत्रा कमी वेळात खूप पसरतो, हे हातांनाच जाणवतं.

पाठीमागच्या बाजूसाठी आम्ही तांब्याचा २५ मिलिमीटरचा अँगल घेतला. त्याच्या बाहेरच्या धारेवर फाइलने उथळ खाच केली आणि खाचेत दर १५ मिलिमीटरवर एक मिलिमीटरची भोकं पाडली. पाठीमागे पातळ पट्टी सोल्डर करून पोकळी बनवली आणि एका टोकाला नळी जोडली. हा अँगल टाकीच्या आतून कोपऱ्यात क्लॅम्प करायचा. तांबं उष्णता ओढून घेतं, भोकांतून आर्गन येऊन पाठीमागची हवा हटवतो. टॉर्चला मिनिटाला ७ लिटर, पाठीमागे ४ ते ५ लिटर. पेटवण्याआधी पाठीमागचा गॅस अर्धा मिनिट चालू ठेवायचा, घाईत नेमका हाच अर्धा मिनिट वाचवला जातो. पाठीमागचा गॅस फार वाढवू नका, तो फटीतून वर येऊन वितळलेल्या धातूला ढकलतो.

मशीन डीसीवर, टॉर्च निगेटिव्हला. १.६ मिलिमीटरचं टंगस्टन, टोक पेन्सिलीसारखं आणि घासल्याच्या रेघा लांबीच्या दिशेने. करंट ३५ ते ४० अँपिअर. सळई ईआर ३०८ एल, १.२ मिलिमीटर, तीही फक्त तळाच्या टोकाला. तिथे दोन मोड आणि जोड एकत्र येतात, बेंडिंग फाटू नये म्हणून आपण बारीक गोल भोक ठेवलेलं असतं आणि ते सळईच्या एका थेंबाने बुजवावं लागतं. वेल्ड त्या टोकापासून सुरू करून वर काठाकडे न्या. शेवटचा खड्डा मग पाण्याच्या वर येतो. थांबताना करंट हळू उतरवा आणि टॉर्च सात-आठ सेकंद तिथेच धरून ठेवा. झटकन उचललात तर लाल धातू उघडा पडतो आणि खड्ड्याच्या मधोमध तारेसारखी भेग राहते.

'गॅस परवडत नाही' असं मला बरेच जण म्हणतात, म्हणून हिशेब मांडतो. ८०० मिलिमीटर जोड मिनिटाला १२० मिलिमीटरने गेला तरी सात मिनिटं लागतात. आधीचा आणि नंतरचा गॅस धरून बारा मिनिटं, दोन्हीकडचा मिळून मिनिटाला बारा लिटर, म्हणजे दीडशे लिटरच्या आत. सात घनमीटरच्या सिलेंडरमध्ये सात हजार लिटर असतात, गळती-सांड धरूनही चाळीसेक टाक्या निघतात. पाच तुकड्यांची टाकी त्याच पद्धतीने केली असती तर मात्र गॅस जवळपास पाचपट लागला असता.

एप्रिल-मे मधली वेगळीच अडचण

सगळं बसवलं, आठ टाक्या छान झाल्या, आणि नवव्या टाकीपासून वेल्डमध्ये छिद्रं यायला लागली. टंगस्टन काळं पडत होतं. गॅस बदलला, नळी तपासली, कप बदलला. दुपारी दोनला कारण सापडलं. बाहेर पंचेचाळीस अंश, वेल्डर पोराने शेडमधला मोठा कूलर स्वतःकडे वळवून घेतला होता. त्याची चूक म्हणवत नाही, त्या शेडमध्ये हेल्मेट घालून बसणं सोपं नाही. पण वारा सेकंदाला दोन मीटरच्या आसपास गेला की टॉर्चभोवतीचा आर्गन टिकत नाही. आता टेबलाच्या तिन्ही बाजूंना पत्र्याचे आडोसे लावले आहेत, कूलरची हवा त्यांच्यावरून जाते, आणि उन्हाळ्यात आर्गनचं काम सकाळी सहा ते अकरा करतो. मे महिन्यात अचानक छिद्रं यायला लागली तर मशीन उघडण्याआधी पंख्याचं तोंड कुठे आहे ते बघा.

वेल्ड झाल्यावर

पाठीमागे गॅस दिल्यावर आतली रेषा फिकट पिवळसर येते. निळा किंवा जांभळा रंग दिसला तर गॅस पोहोचला नाही, राखाडी-काळा दाणेदार असेल तर अजिबातच पोहोचला नाही. कूलरच्या पाण्यासाठी मी फिकट रंगही ठेवत नाही, पिकलिंग पेस्ट लावतो. या पेस्टमध्ये नायट्रिकबरोबर हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. ते कातडीवर पडलं तर सुरुवातीला फारसं दुखत नाही, पण आत हाडापर्यंत जातं. जाड रबरी हातमोजे, चेहऱ्यावर शील्ड आणि जवळ कॅल्शियम ग्लुकोनेट जेल नसेल तर ही पेस्ट उघडूच नका. जेल लावल्यावरही लगेच दवाखाना गाठायचाच. उन्हात तापलेल्या पत्र्यावर पेस्ट लावू नका, ती वाळते आणि डाग धरते. सकाळी, सावलीत, पाकिटावर लिहिलेला वेळ पाळून लावा आणि भरपूर पाण्याने धुवा. ते पाणी नालीत सोडण्याआधी चुना घालून त्यातलं ॲसिड मारा.

ब्रश स्टेनलेसच्या तारेचाच, आणि लोखंडावर चाललेली डिस्क या कामाला नाही. लोखंडाचे कण पत्र्यात रुतले की आठ दिवसांत तांबूस ठिपके येतात आणि बदनामी वेल्डची होते. दोन्हींतला फरक ओळखता येतो. वेल्डचा दोष असेल तर डाग रेषेला धरून असतो, लोखंडाचे कण असतील तर ठिपके ग्राइंडरच्या ठिणग्या उडाल्या त्या दिशेला पसरलेले असतात. खात्री करायची तर आम्लधर्मी मोरचुदाचं द्रावण सहा मिनिटं ओलं ठेवा, लोखंड असेल तिथे तांब्याचा गुलाबी थर चढतो. जेवणाच्या भांड्यांवर ही चाचणी करू नका, टाकीच्या बाहेरच्या अंगावर करा.

जिथे आर्गनही वाचवणार नाही

पत्रा ३०४ नसून २०० सिरीजचा किंवा बाजारात जे४ म्हणतात तो असेल तर कोपरा टिकेल आणि तळ सडेल. चुंबकावर विसंबू नका, दोन्ही प्रकार चुंबकाला जवळपास धरत नाहीत. पत्र्याच्या दुकानात मिळणारं तपासणीचं द्रावण आणि बॅटरी लावून बघा, २०० सिरीजवर थेंब लालसर होतो. पत्रा कापण्याआधी बघा, नंतर नाही.

दुसरी गोष्ट ग्राहकाच्या हातातली आहे, आणि ती मी टाकी देतानाच सांगतो. टाकीत पांढरे क्षार बसले की बाथरूम धुण्याचं ॲसिड ओतलं जातं. ते हायड्रोक्लोरिक असतं आणि स्टेनलेसचा त्याच्याइतका शत्रू दुसरा नाही. क्षार काढायला लिंबूसत्व कोमट पाण्यात घ्या. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून पुसा, म्हणजे क्षारांची अकरापट वाढ होतच नाही.

जुनी गळकी टाकी आणली तर मी आता आधी पाठीमागची बाजू बघतो. आत काळा दाणेदार पट्टा असेल तर त्यावर काहीही मारत नाही. पट्टा दोन्ही बाजूंनी दोन-दोन सेंटिमीटर चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढतो आणि नवा तुकडा टोकाला टोक लावून, पाठीमागे गॅस देऊन बसवतो. पट्टा चारही कडांना फिरलेला असेल तर ग्राहकाला स्पष्ट सांगतो की दुरुस्तीचे पैसे वाया जातील, नवी करा. वसतिगृहाच्या चौदांपैकी तीन टाक्या अशा दुरुस्त झाल्या, अकरा नव्या कराव्या लागल्या. देण्याआधी प्रत्येकीला खडू आणि रॉकेल लावलं. एकीच्या तळाच्या टोकाला, त्या सळईच्या थेंबाजवळ, ठिपका आला. तो थेंब घासून काढला, पुन्हा भरला, पुन्हा लेप दिला, आणि अर्ध्या तासानंतरही खडू पांढराच राहिला तेव्हा टाकी गाडीत चढवली.